मध्येच वीज गेली तर डेटाबेस हिशेब कसा जुळवतो? राइट-अहेड लॉगिंगची ओळख

एका खात्यातून ५०० रुपये वजा करून दुसऱ्या खात्यात जमा करायचे, हे माणसाच्या दृष्टीने एकच काम आहे. डेटाबेसच्या दृष्टीने मात्र ती दोन कामे आहेत. दोन्ही खात्यांच्या नोंदी बहुधा डिस्कवर वेगवेगळ्या ठिकाणी असतात आणि डिस्कवर एका क्षणात दोन ठिकाणी लिहिता येत नाही. पहिली नोंद बदलली आणि दुसरी बदलण्याआधी सर्व्हर बंद पडला, तर ५०० रुपये कोणाच्याच खात्यात नसतील.

असे होऊ नये यासाठी बहुतेक डेटाबेस राइट-अहेड लॉगिंग ही पद्धत वापरतात. प्रत्यक्ष माहिती बदलून डिस्कवर लिहिण्याआधी ‘काय बदलणार’ याची नोंद एका वेगळ्या फाइलमध्ये करून ठेवायची, असा हा साधा नियम आहे. त्या नोंदींवरून बंद पडलेला डेटाबेस पुन्हा कसा उभा राहतो, हे या लेखात एका उदाहरणातून पाहू.

## व्यवहाराची दोन वचने

डेटाबेसच्या भाषेत एकत्र घडायला हव्या अशा बदलांच्या गटाला ट्रान्झॅक्शन किंवा व्यवहार म्हणतात. तो असा लिहिला जातो:

```sql
BEGIN;
UPDATE accounts SET balance = balance - 500 WHERE id = 101;
UPDATE accounts SET balance = balance + 500 WHERE id = 202;
COMMIT;
```

`BEGIN` आणि `COMMIT` यांच्यामधल्या सगळ्या बदलांबद्दल डेटाबेस काही हमी देतो. १९८३ मध्ये थिओ हार्डर आणि आंद्रेआस रॉयटर यांनी या चार गुणधर्मांना ‘अ‍ॅसिड’ हे आद्याक्षरांचे नाव दिले. त्यांपैकी दोन गुणधर्म क्रॅशशी थेट जोडलेले आहेत.

अ‍ॅटॉमिसिटी म्हणजे अविभाज्यता. व्यवहारातले सगळे बदल लागू होतात किंवा एकही होत नाही. अर्धवट स्थिती कधीच शिल्लक राहत नाही.

ड्युरॅबिलिटी म्हणजे टिकाऊपणा. ‘कमिट झाले’ असे उत्तर एकदा दिले की त्यानंतर लगेच वीज गेली तरी तो बदल नाहीसा होत नाही.

ही दोन वचने एकमेकांच्या उलट दिशेने ओढतात. पहिल्यासाठी अपुऱ्या व्यवहाराचा मागमूस पुसता आला पाहिजे. दुसऱ्यासाठी पूर्ण झालेल्या व्यवहाराचा एकही मागमूस पुसला जाता कामा नये. डेटाबेस पुन्हा सुरू होतो तेव्हा डिस्कवर दोन्ही प्रकारचे बदल मिसळलेले असतात आणि त्यांतला फरक ओळखावा लागतो.

## अडचण मेमरीमुळे का येते?

डेटाबेस आपली माहिती ठरावीक आकाराच्या पानांमध्ये ठेवतो. उदाहरणार्थ, पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये एक पान साधारणपणे ८ किलोबाइटचे असते आणि त्यात अनेक खाती मावतात. एखादे खाते बदलायचे असेल तर त्याचे पान डिस्कवरून मेमरीत आणले जाते, बदल मेमरीतच होतो आणि बदललेले पान सवडीने डिस्कवर उतरवले जाते. प्रत्येक बदलागणिक पूर्ण पान डिस्कवर लिहीत बसले तर काम फारच मंदावेल, म्हणून ही सवड गरजेची असते.

पण वीज गेली की मेमरी कोरी होते. त्या क्षणी दोन प्रकारचे घोळ झालेले असू शकतात. व्यवहार कमिट झाला, पण त्याचे पान अजून मेमरीतच होते, त्यामुळे बदल गेला. किंवा व्यवहार अजून अपुरा होता, पण मेमरीत जागा करण्यासाठी त्याचे पान आधीच डिस्कवर उतरवले गेले होते, त्यामुळे नको असलेला बदल डिस्कवर राहिला. पहिल्या घोळाने टिकाऊपणा मोडतो, दुसऱ्याने अविभाज्यता.

## आधी कीर्द, मग खतावणी

हिशेबाच्या वह्या लिहिणाऱ्यांना या अडचणीवरचा उपाय ओळखीचा वाटेल. दिवसभरातला प्रत्येक व्यवहार घडेल त्या क्रमाने आधी रोजकीर्दीत लिहिला जातो आणि नंतर खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवला जातो. खतावणी अर्धवट राहिली तरी कीर्द शाबूत असेल तर ती पुन्हा पूर्ण करता येते.

डेटाबेसचा लॉग म्हणजे ही कीर्द आणि माहितीची पाने म्हणजे खतावणी. लॉगमध्ये नोंदी फक्त शेवटी जोडल्या जातात, मध्ये काही खोडले जात नाही. प्रत्येक नोंदीला चढता क्रमांक असतो, त्याला लॉग सीक्वेन्स नंबर किंवा थोडक्यात एलएसएन म्हणतात. नोंदीत कोणत्या व्यवहाराने कोणत्या पानावर काय बदलले हे असते. पानाच्या माथ्यावरही एक एलएसएन असतो. त्या पानावर शेवटचा बदल कोणत्या नोंदीचा झाला आहे, हे तो सांगतो.

पूर्ण पद्धत दोन नियमांवर उभी आहे:

1. एखादे बदललेले पान डिस्कवर उतरवण्याआधी, त्या पानावरच्या बदलांच्या लॉगमधील नोंदी डिस्कवर पोहोचलेल्या असल्या पाहिजेत.
2. ‘कमिट झाले’ असे उत्तर देण्याआधी, त्या व्यवहाराच्या सगळ्या नोंदी आणि शेवटची ‘कमिट’ ही नोंद डिस्कवर पोहोचलेली असली पाहिजे.

पहिल्या नियमामुळे डिस्कवरच्या प्रत्येक अपुऱ्या बदलामागे तो मागे घेण्यापुरती माहिती असते. दुसऱ्यामुळे प्रत्येक कमिट झालेला बदल पुन्हा करता येतो. पाने मात्र केव्हाही, कोणत्याही क्रमाने उतरवली तरी चालते. शिवाय व्यवहार पूर्ण झाला की नाही हा प्रश्न आता एका छोट्या नोंदीवर येऊन ठेपतो. लॉगमध्ये कमिटची नोंद सापडली तर व्यवहार झाला, नाही सापडली तर झाला नाही.

## एक क्रॅश, पायरीपायरीने

समजा, एका डेटाबेसमध्ये दोन व्यवहार एकाच वेळी चालू आहेत. पहिला व्यवहार खाते १०१ मधून ५०० रुपये काढून खाते २०२ मध्ये टाकतो. दुसरा खाते ३०३ मधून १,००० रुपये काढून खाते १०४ मध्ये टाकणार आहे. सुरुवातीच्या शिल्लक रकमा अशा: खाते १०१ मध्ये ८,०००, २०२ मध्ये २,०००, ३०३ मध्ये ६,००० आणि १०४ मध्ये १,५०० रुपये. एकूण १७,५०० रुपये. लॉगमध्ये नोंदी अशा पडतात:

| एलएसएन | व्यवहार | पान | नोंद |
|---|---|---|---|
| ४१ | पहिला | ७ | खाते १०१: ८,००० होते, ७,५०० केले |
| ४२ | दुसरा | १२ | खाते ३०३: ६,००० होते, ५,००० केले |
| ४३ | पहिला | ९ | खाते २०२: २,००० होते, २,५०० केले |
| ४४ | पहिला | – | कमिट |
| ४५ | दुसरा | ७ | खाते १०४: १,५०० होते, २,५०० केले |

४४ पर्यंतच्या नोंदी डिस्कवर उतरल्या आणि पहिल्या व्यवहाराच्या ग्राहकाला ‘झाले’ असे उत्तर गेले. ४५ वी नोंद मेमरीतच असताना वीज गेली.

आता पानांची स्थिती पाहू. पान ७ डिस्कवर उतरलेच नव्हते. डिस्कवरच्या त्याच्या जुन्या प्रतीवर एलएसएन ३० आहे आणि खाते १०१ मध्ये अजून ८,००० दिसतात. पान ९ उतरले होते, त्यावर एलएसएन ४३ आहे आणि खाते २०२ मध्ये २,५०० आहेत. पान १२ सुद्धा उतरले होते, त्यावर एलएसएन ४२ आहे आणि खाते ३०३ मध्ये ५,००० आहेत, जरी दुसरा व्यवहार पूर्ण झालेला नाही. डिस्कवरच्या रकमांची बेरीज केली तर १७,००० येते. हिशेबात ५०० रुपये कमी आहेत आणि दोन्ही वचने मोडलेली आहेत.

डेटाबेस पुन्हा सुरू होतो तेव्हा तो तीन फेऱ्या करतो. या फेऱ्यांची मांडणी ‘एरीज’ या पद्धतीची आहे. आयबीएममधील सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ती सविस्तर प्रसिद्ध केली आणि पुढच्या अनेक डेटाबेसवर तिचा प्रभाव पडला.

पहिली फेरी: तपासणी. लॉग वाचून कोणते व्यवहार पूर्ण झाले आणि कोणते अपुरे राहिले याची यादी केली जाते. पहिल्या व्यवहाराची कमिट नोंद सापडते. दुसऱ्याची सापडत नाही, म्हणून तो अपुरा ठरतो. कोणत्या पानांवरचे बदल कदाचित डिस्कवर पोहोचले नसतील, याचीही यादी याच फेरीत होते.

दुसरी फेरी: पुन्हा करणे. लॉग पुढच्या दिशेने वाचत प्रत्येक बदल पानावर आहे का ते पाहिले जाते. नोंद ४१ पान ७ ची आहे. पानावर ३० आहे, म्हणजे हा बदल पोहोचलेला नाही. म्हणून खाते १०१ मध्ये ७,५०० लिहिले जातात आणि पानाचा एलएसएन ४१ होतो. नोंद ४२ पान १२ ची आहे. पानावर आधीच ४२ आहे, म्हणून ती सोडली जाते. पान ९ वरही ४३ असल्यामुळे तीही नोंद सोडली जाते.

या फेरीत अपुऱ्या व्यवहारांचे बदलही वगळले जात नाहीत, हे सुरुवातीला विचित्र वाटते. पण त्यामुळे सगळी पाने क्रॅशच्या क्षणी जशी असायला हवी होती तशी होतात आणि मागे घेण्याचे काम एका ठाम, ओळखीच्या स्थितीपासून सुरू करता येते.

तिसरी फेरी: मागे घेणे. अपुऱ्या व्यवहारांचे बदल लॉग उलट्या दिशेने वाचत रद्द केले जातात. दुसऱ्या व्यवहाराची शेवटची शिल्लक नोंद ४२ आहे. तिच्यातल्या जुन्या किमतीवरून खाते ३०३ पुन्हा ६,००० होते. ४५ वी नोंद डिस्कवर पोहोचलीच नव्हती, तेव्हा तिच्यासाठी काहीच करावे लागत नाही. पहिल्या नियमामुळे तिचा बदलही पान ७ सोबत डिस्कवर गेलेला असणे शक्य नव्हते.

आता खाती अशी आहेत: ७,५००, २,५००, ६,००० आणि १,५००. बेरीज पुन्हा १७,५०० आहे.

## सावरताना पुन्हा वीज गेली तर?

मागे घेण्याचे कामसुद्धा पानावरचा बदलच आहे, म्हणून तोही लॉगमध्ये लिहिला जातो. ‘नोंद ४२ रद्द केली’ अशा नोंदीला भरपाईची नोंद म्हणतात. आपल्या उदाहरणात तिला ४५ हा क्रमांक मिळतो, कारण जुनी ४५ डिस्कच्या दृष्टीने कधी अस्तित्वातच नव्हती.

या नोंदीचे महत्त्व सावरण्याच्या मध्येच पुन्हा क्रॅश झाला तर कळते. जुनी किंमत पुन्हा लिहिणे दोनदा झाले तरी बिघडत नाही, पण काही नोंदी ‘१,००० वजा केले’ अशा स्वरूपाच्या असतात. तशी नोंद दोनदा रद्द झाली तर खात्यात २,००० जमा होतील. भरपाईची नोंद असल्यामुळे पुढच्या वेळी डेटाबेसला कळते की ४२ चे काम झाले आहे आणि आता त्याच्या मागच्या नोंदीकडे जायचे. त्यामुळे सावरणे कितीही वेळा अडले तरी शेवट एकच होतो.

लॉग मात्र अनंत काळ वाचत बसता येत नाही. म्हणून डेटाबेस मधूनमधून चेकपॉइंट करतो, म्हणजे सावरायला सुरुवात कुठून करायची याची खूण ठेवतो. पोस्टग्रेस्क्यूएल चेकपॉइंटच्या वेळी मेमरीतली बदललेली पाने डिस्कवर उतरवतो. सेटिंग न बदलल्यास हे जास्तीत जास्त ५ मिनिटांच्या अंतराने घडते. चेकपॉइंट जितके दूर, तितका क्रॅशनंतर सावरण्यास वेळ अधिक.

## पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये हे कसे दिसते?

पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये लॉग `pg_wal` या डिरेक्टरीत सहसा १६ मेगाबाइटच्या फाइलींमध्ये असतो. तिथे तिसरी फेरी नाही. कोणतीही ओळ बदलताना जुनी ओळ तशीच ठेवून नवी आवृत्ती बाजूला लिहिली जाते. व्यवहाराची कमिट नोंद सापडली नाही तर त्याच्या आवृत्त्या कोणाला दिसतच नाहीत आणि `VACUUM` ही प्रक्रिया नंतर त्या साफ करते. क्रॅशनंतर सर्व्हर सुरू होताना साधारण असे संदेश दिसतात:

```
LOG:  database system was not properly shut down; automatic recovery in progress
LOG:  redo starts at 0/16B3D88
LOG:  invalid record length at 0/16B4F20: wanted 24, got 0
LOG:  redo done at 0/16B4EE8
```

तिसऱ्या ओळीतला `invalid` हा शब्द पाहून अनेकांना धडकी भरते. क्रॅशनंतर तो बहुधा लॉग कुठे संपतो एवढेच सांगतो. प्रत्येक नोंदीसोबत तिची तपासणी बेरीज असते. वीज जाताना शेवटची नोंद अर्धवट लिहिली गेली असेल, तर ती बेरीज जुळत नाही आणि वाचन तिथेच थांबते. अशी नोंद कमिट म्हणून कोणाला कळवलेली नसते, म्हणून ती सोडून दिल्याने कोणतेही वचन मोडत नाही.

अर्धवट लिहिण्याचा धोका पानांनाही असतो. डिस्क एका वेळी ५१२ किंवा ४,०९६ बाइट लिहिण्याची हमी देते, पण पान ८ किलोबाइटचे आहे. वीज मध्येच गेली तर अर्धे पान नवे आणि अर्धे जुने राहते. अशा पानावर ‘एवढाच बदल कर’ ही नोंद लागू करून उपयोग नसतो. म्हणून चेकपॉइंटनंतर एखादे पान पहिल्यांदा बदलले की पोस्टग्रेस्क्यूएल लॉगमध्ये त्या पूर्ण पानाची प्रत लिहितो. मायएसक्यूएलचे इनोडीबी हेच काम पान आधी दुसऱ्या जागी लिहून करते.

## ‘डिस्कवर पोहोचले’ म्हणजे नक्की कुठे?

दोन्ही नियमांमध्ये ‘डिस्कवर पोहोचले’ हे शब्द आहेत आणि खरी कसोटी तिथेच लागते. प्रोग्रामने फाइलमध्ये लिहिले की ऑपरेटिंग सिस्टिम ते आधी स्वतःच्या मेमरीत ठेवते. ते खरोखर डिस्कवर पाठवण्यासाठी `fsync` सारखी आज्ञा द्यावी लागते आणि कमिटचे उत्तर ती पूर्ण होईपर्यंत थांबवावे लागते. डिस्कलाही स्वतःची तात्पुरती मेमरी असते. वीज गेल्यावर जपली न जाणारी अशी मेमरी ‘लिहिले’ म्हणून खोटे उत्तर देत असेल, तर डेटाबेसला ते कळण्याचा मार्ग नसतो.

२०१८ मध्ये पोस्टग्रेस्क्यूएलच्या विकासकांसमोर अशीच एक अडचण आली. डिस्कवरच्या त्रुटीमुळे `fsync` अपयशी ठरले की ते पुन्हा करून पाहायचे, असा त्यांच्या प्रोग्रामचा रिवाज होता. पण लिनक्समध्ये एकदा अपयश कळवल्यानंतर ती न लिहिलेली पाने ‘लिहून झाली’ अशी धरली जाऊ शकत होती. दुसऱ्यांदा `fsync` केल्यावर यशाचे उत्तर मिळे, चेकपॉइंट पूर्ण झाला असे मानले जाई आणि लॉगचा तो भाग टाकून दिला जाई. माहिती मात्र डिस्कवर गेलेलीच नसे. २०१९ च्या सुरुवातीला आलेल्या दुरुस्तीनंतर `fsync` अपयशी ठरले की पोस्टग्रेस्क्यूएल स्वतःहून बंद पडतो आणि लॉगवरून पुन्हा उभा राहतो. पानांची स्थिती संशयास्पद असेल तेव्हा आधार लॉगचाच घ्यायचा, असा त्याचा अर्थ.

दोन सेटिंगांमधला फरकही इथेच स्पष्ट होतो. `synchronous_commit = off` केले तर कमिटचे उत्तर लॉग डिस्कवर पोहोचण्याआधीच दिले जाते. क्रॅश झाला तर शेवटचे काही क्षणांचे व्यवहार जाऊ शकतात, पण जो व्यवहार जातो तो पूर्ण जातो. म्हणजे टिकाऊपणा थोडा सैल होतो, अविभाज्यता शाबूत राहते. `fsync = off` केले तर नोंदी आणि पाने कोणत्या क्रमाने डिस्कवर गेली याचीच खात्री उरत नाही. वीज गेल्यास किंवा ऑपरेटिंग सिस्टिम कोसळल्यास दोन्ही वचने मोडू शकतात आणि डेटाबेस दुरुस्तीपलीकडे बिघडू शकतो.

## लॉग काय करू शकत नाही?

लॉग आणि माहिती एकाच डिस्कवर असतील आणि ती डिस्कच निकामी झाली, तर सावरायला काही उरत नाही. त्यासाठी बॅकअप किंवा दुसऱ्या यंत्रावरची प्रत लागते. चुकून दिलेली आणि कमिट झालेली `DELETE` आज्ञाही लॉग इमाने इतबारे जपतो, कारण त्याच्या दृष्टीने तोही पूर्ण झालेला व्यवहार आहे. व्यवहाराच्या मध्येच पाठवलेला एसएमएस किंवा छापलेली पावती डेटाबेसच्या बाहेरची असते, म्हणून ती मागे घेता येत नाही.

आणखी एक फट राहते. कमिटची नोंद डिस्कवर पोहोचली, पण ‘झाले’ हे उत्तर ग्राहकापर्यंत जाण्याआधी सर्व्हर बंद पडला, तर डेटाबेसच्या हिशेबी व्यवहार झालेला असतो आणि ग्राहकाच्या प्रोग्रामला ते माहीत नसते. त्याने तोच व्यवहार पुन्हा पाठवला तर ५०० रुपये दोनदा जातील. म्हणून पैशांचे व्यवहार पाठवणारे प्रोग्राम प्रत्येक विनंतीला वेगळा क्रमांक देतात आणि तो क्रमांक त्याच व्यवहारात डेटाबेसमध्ये लिहितात. पुन्हा प्रयत्न करण्याआधी तो क्रमांक आधीच नोंदला गेला आहे का, हे पाहिले की पुरते.